नोकरी सांभाळून एसक्यूएल: आठवड्याचे साडेचार तास आणि चुकांची वही

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी क्वालिटीचं रेकॉर्ड सांभाळते. दिवसभरात किती हीट, म्हणजे वितळलेल्या धातूचे घाणे झाले, किती नग ओतले, त्यातले किती ब्लो होलच्या दोषात गेले आणि किती सॅण्ड ड्रॉपच्या, हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. महिन्याचा रिपोर्ट मात्र आयटीकडून यायचा, तोही मागितल्यावर चार दिवसांनी. म्हणून ठरवलं, एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून हवी ती माहिती काढायची भाषा, आपणच शिकायची.

पुढचे सहा महिने मी व्हिडिओ बघितले. रोज रात्री जेवणं आवरल्यावर एक. समजायचं सगळं. मान हलायची, वहीत सुवाच्य नोट्स निघायच्या. मग एका सोमवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, कोरी स्क्रीन उघडून स्वतःलाच प्रश्न घातला: मागच्या महिन्यात पॅटर्ननुसार, म्हणजे नगाच्या साच्यानुसार, किती टक्के रिजेक्शन? पहिला शब्द `SELECT` टाइप केला आणि पुढे वीस मिनिटं काहीच नाही.

त्यानंतर मी जी पद्धत बसवली ती इथे लिहिते आहे. सोबत लहान मूल आहे, सकाळचा डबा आहे, साडेआठची ड्यूटी आहे, असं धरूनच ती बसवली आहे. एसक्यूएलऐवजी तुम्ही दुसरं काही शिकत असाल तर उदाहरणं बदलतील, पण मी एसक्यूएलवरच बोलेन, कारण मला माहीत आहे ते तेवढंच.

आधी परीक्षा, मग अभ्यास

“एसक्यूएल शिकायचंय” हे ध्येय म्हणून निकामी आहे, कारण ते झालं की नाही हे कधी कळतच नाही. मी वहीच्या पहिल्या पानावर असं लिहिलं: तीन महिन्यांनी, काहीही न बघता, दोन टेबलांतून पॅटर्ननुसार महिन्याचं रिजेक्शन टक्क्यात काढायचं; वेळ 20 मिनिटं; उत्तर कॅल्क्युलेटरवर केलेल्या हिशेबाशी जुळलं पाहिजे. यात काम नेमकं आहे, मुदत आहे, आणि बरोबर-चूक ठरवायला माझ्या मताची गरज नाही.

मग त्याच कामाचे तुकडे पाडून दहा प्रश्न तयार केले. एका टेबलातून ठरावीक तारखेच्या ओळी काढा, पॅटर्ननुसार बेरीज करा, दोन टेबलं जोडा, ज्यांना जोडीदार ओळ नाही त्या शोधा, असे. शिकायला सुरुवात करण्याआधीच ते सोडवले. दहापैकी तीन आले. वाईट वाटलं, पण सहा महिन्यांच्या व्हिडिओंनी जे सांगितलं नव्हतं ते या तासाभरात कळलं: एका टेबलात मी बरी होते, दोन टेबलं आली की संपले. म्हणजे पुढचे कित्येक आठवडे कशावर घालवायचे ते ठरलंच.

साधनांवर फार वेळ घालवू नका. `SQLite` हा डेटाबेस फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं. टाइप करायला `DB Browser for SQLite` पुरेसं आहे. आणि एक गोष्ट बजावून सांगते: कंपनीचा खरा डेटा घरी आणू नका. तो आपला नाही, आणि सरावाला तो उपयोगाचाही नाही. हजारो ओळींत चूक दडून बसते. तीन ओळींत तिला लपायला जागा नसते.

तालमीतली गोष्ट

माझा मामेभाऊ गंगावेशीत तालमीला जायचा. लहानपणी मला वाटायचं, तिथे रोज कुस्त्या होत असतील. तो सांगायचा, वस्ताद एक डाव धरतात आणि तोच तोच करायला लावतात. ढाक असेल तर ढाकच. त्यातही आज फक्त पाय कुठे पडतो तेवढंच बघायचं. समोरचा जोडीदार मुद्दाम अर्धाच जोर लावतो. पूर्ण लढत असते, पण कधीतरी. लढतीत जे चुकतं ते दुसऱ्या दिवशी सुटं काढून मातीत घोटलं जातं.

अँडर्स एरिक्सन या मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांबरोबर बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास 1993 साली प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून याला ‘डेलिबरेट प्रॅक्टिस’ हे नाव रूढ झालं. मी त्याला नेमका सराव म्हणते. नुसतं वाजवत राहणं वेगळं, आणि जे येत नाही ते सुटं काढून, लगेच चूक कळेल अशा रीतीनं, पुन्हा पुन्हा करणं वेगळं. त्या अभ्यासातली दहा हजार तासांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मला जास्त उपयोगी पडली ती दुसरी: उत्तम वादकसुद्धा असा सराव दिवसाला साधारण चार तासांपलीकडे करत नव्हते, आणि तोही तुकड्यातुकड्यांनी. ज्यांचा तो पूर्णवेळचा उद्योग होता त्यांची ही गत. आठ तास फाउंड्रीत घालवून आलेल्या माणसाकडून रात्री तीन तासांची अपेक्षा करणं म्हणजे स्वतःला फसवणं.

एक खुलासा प्रामाणिकपणे केला पाहिजे. एरिक्सनच्या काटेकोर व्याख्येत शिकवणारा जाणकार गुरू लागतो, जो आपल्यासाठी सराव ठरवून देतो. एकट्यानं ध्येय ठेवून केलेल्या सरावाला तो त्याच्या एक पायरी खालचं मानायचा. आपल्यापैकी बहुतेक जण त्या खालच्या पायरीवरच असतो. ती उणीव थोडी भरून कशी काढायची ते पुढे येईलच.

पंचेचाळीस मिनिटांत काय करायचं

माझी बैठक पहाटे सव्वापाच ते सहा. रात्री करून बघितली होती. दहा वाजता डोळे उघडे असतात पण डोकं मिटलेलं असतं, आणि मग हात आपोआप व्हिडिओकडे जातो, कारण त्यात काही करावं लागत नाही.

पहिली पाच-सात मिनिटं कालचा प्रश्न कोऱ्या स्क्रीनवर पुन्हा. कालचं उत्तर वाचायचं नाही, आठवायचं. मधली तीसेक मिनिटं एकाच दुखऱ्या जागेवर. शेवटची पाच मिनिटं वही.

मधल्या तीस मिनिटांचा एकच नियम आहे, पण सगळं त्याच्यावर उभं आहे: क्वेरी, म्हणजे डेटाबेसला एसक्यूएलमध्ये विचारलेला प्रश्न, चालवण्याआधी उत्तर कागदावर लिहायचं. किती ओळी येतील आणि बेरीज किती येईल, दोन्ही. मग चालवायची. जुळलं नाही तर थांबायचं. ही सवय नसेल तर माणूस काय करतो? चालवतो, काहीतरी येतं, ते बरं दिसतं, पुढे जातो. चूक कळायचा दरवाजाच बंद.

हे मला कळलं ते एका चुकीमुळे. ती चूक जवळून दाखवते.

दोन टेबलं केली होती. `heats` मध्ये हीट नंबर आणि ओतलेले नग: H101, H102 आणि H103, प्रत्येकी 200. `rejects` मध्ये हीट नंबर, दोष आणि संख्या: H101 ला ब्लो होल 12 आणि सॅण्ड ड्रॉप 8, H102 ला ब्लो होल 10. H103 स्वच्छ गेली, तिची `rejects` मध्ये ओळच नाही. प्रश्न होता: एकूण किती ओतले, किती गेले? मी लिहिलं:

```sql
SELECT SUM(h.poured), SUM(r.qty)
FROM heats h
JOIN rejects r ON r.heat_no = h.heat_no;
```

आलं 600 आणि 30. हातानं केलं तरी 600 आणि 30. पाच टक्के रिजेक्शन. बरोबर! वहीत टिक केली आणि डब्याला लागले.

आमच्या आयटीत एक सर आहेत, वयानं माझ्यापेक्षा मोठे, बोलायला कमी. जेवणाच्या सुट्टीत त्यांना मोबाइलवरचा फोटो दाखवला. त्यांनी घास खाली ठेवला आणि म्हणाले, “मॅडम, उत्तर बरोबर आलंय. पण आलं कसं?”

मला प्रश्नच कळला नाही. ते म्हणाले, “H103 चे नग 150 करा आणि परत चालवा.”

दुसऱ्या दिवशी पहाटे केलं. खरं उत्तर 550 यायला हवं होतं. आलं 600च.

झालं होतं असं. H101 ला दोन दोष होते, म्हणून जोडल्यावर तिच्या दोन ओळी झाल्या आणि तिचे 200 नग दोनदा मोजले गेले. H103 ला दोषच नव्हता, म्हणून साध्या `JOIN` मध्ये ती हीट गळून गेली, तिचे 200 मोजलेच गेले नाहीत. एकीकडे 200 जास्त, दुसरीकडे 200 कमी. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं होतं. आणि गंमत बघा, ओळीसुद्धा तीनच आल्या असत्या, हीटही तीनच. ओळी मोजूनही संशय आला नसता. कोणत्या हीटच्या किती ओळी येणार हे आधी कागदावर मांडलं असतं, H101 दोनदा, H102 एकदा, H103 शून्य, तरच सापडलं असतं.

दुरुस्ती अशी: आधी प्रत्येक हीटचे दोष एका ओळीत गोळा करायचे, मग `LEFT JOIN` नं जोडायचे, म्हणजे स्वच्छ गेलेली हीटही राहते.

```sql
SELECT SUM(h.poured), SUM(COALESCE(r.rej, 0))
FROM heats h
LEFT JOIN (
  SELECT heat_no, SUM(qty) AS rej
  FROM rejects GROUP BY heat_no
) r ON r.heat_no = h.heat_no;
```

आता 550 आणि 30 आले, म्हणजे 5.45 टक्के. आधीच्या क्वेरीनं 5 टक्केच सांगितलं असतं, आणि मीटिंगमध्ये मी ते छातीठोक मांडलं असतं.

त्या दिवसापासून सरावाचा डेटा मी मुद्दाम वाकडा करते. सगळे आकडे वेगळे, एखाद्या हीटला तीन दोष, एखादीला एकही नाही, एखाद्या ठिकाणी रिकामी जागा. 200, 200, 200 असा गुळगुळीत डेटा चुकीच्या क्वेरीलाही पास करतो. बनवायला पाच मिनिटं लागतात, आणि बनवतानाच अर्धं डोकं चालू होतं.

चुकांची वही

नोट्सची वही मी बंद केली. आता एकच वही आहे आणि तिच्यात फक्त चुका आहेत. प्रत्येक चुकीला चार ओळी. वरच्या चुकीची नोंद अशी आहे:

मी केलं: दोन टेबलं थेट जोडून बेरीज केली.
मला वाटलं होतं: जोडल्यावर प्रत्येक हीटची एकच ओळ राहते.
खरं: उजवीकडे जितक्या ओळी, तितक्या वेळा डावी ओळ येते, शून्य असतील तर गळते.
पुढच्या वेळची खूण: बेरजेच्या आधी `JOIN` दिसला की थांब, प्रत्येक हीटच्या ओळी लिही.

यातली दुसरी ओळ लिहायला सगळ्यात जड जाते, आणि तीच कामाची आहे. “निष्काळजीपणा झाला” असं तिथे लिहायला मी स्वतःला मनाई केली आहे, कारण त्यावर दुसऱ्या दिवशी काय सराव करणार? चूक होते तेव्हा डोक्यात काहीतरी ठाम चित्र असतं. ते चित्र शब्दांत आलं की पुढचा सराव आपोआप सुचतो.

नोंदीच्या कडेला चार तारखा लिहिते: उद्या, तीन दिवसांनी, आठवड्यानं, तीन आठवड्यांनी. त्या त्या दिवशी तोच प्रकार नव्या आकड्यांवर कोऱ्या स्क्रीनवर करायचा. चारही वेळा जमलं की नोंदीवर आडवी रेघ. मध्येच एकदा चुकलं की तारखा पुन्हा पहिल्यापासून. हे अंतर माझ्या सोयीचं आहे, त्यात काही पवित्र नाही. दोन आठवणींच्या मध्ये थोडं विसरायला वेळ मिळाला पाहिजे, इतकंच बघायचं.

आठवडा कसा मांडायचा

माझी सुट्टी सोमवारी, म्हणून माझा आठवडा मंगळवारी सुरू होतो. मंगळ, बुध, गुरु आणि शनिवारी पंचेचाळीस मिनिटं. शुक्रवारी आणि रविवारी काही नाही, शुक्रवार मुलाच्या शाळेचा आणि रविवार घरचा. सोमवारी सकाळी दीड तास. बेरीज साडेचार तास.

“सुट्टीच्या दिवशी एकदम सहा तास का नाही?” असं नवरा विचारायचा. माझ्याकडे त्याला दोन उत्तरं आहेत, एक वाचलेलं आणि एक भोगलेलं.

वाचलेलं असं. ब्रिटनच्या टपाल खात्यात पत्रं वेगळी करायची यंत्रं आली तेव्हा पोस्टमनना कीबोर्ड शिकवायचा होता. बॅडली आणि लाँगमन या दोघांनी 1978 साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाला दिवसाला एकच तास दिला, दुसऱ्याला दोन-दोन तासांच्या दोन बैठका, मध्ये आणखी दोन गट. रोज एक तासवाल्यांना कीबोर्डवरची अक्षरं शिकायला सुमारे 35 तास लागले, चार तासवाल्यांना सुमारे 50. दिवस अर्थात एक तासवाल्यांचेच जास्त गेले. आणि सगळ्यात नाराज कोण होतं, तर हेच एक तासवाले! आपण मागे पडतोय असं त्यांना वाटत होतं. पहाटे सहाला लॅपटॉप मिटताना “आज काहीच झालं नाही” असं वाटतं तेव्हा मला हे पोस्टमन आठवतात.

भोगलेलं 2021 च्या जुलैचं. पंचगंगेला महापूर, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, कामावर जायचा प्रश्नच नव्हता. आमच्या भागात पाणी आलं नाही, वीजही होती. एका दिवसात बसून पाच तास मी सब-क्वेरी, म्हणजे क्वेरीच्या आत कंसात लिहिलेल्या क्वेरी, घोटल्या. रात्री झोपताना वाटलं, आता हे कायमचं आलं. नंतर साफसफाई, नातेवाइकांची ये-जा, कामावरचा साचलेला ढीग, यात आठ-दहा दिवस गेले. परत बसले तर कंस कुठे उघडतो तेही आठवेना. तेव्हा माझी ही पद्धत नव्हती. त्या पाच तासांचे पाच दिवस केले असते तर काहीतरी हाताला लागलं असतं.

चार दिवसांचं वाटप असं: मंगळ, बुध, गुरु एकाच दुखऱ्या जागेवर, शनिवारी मात्र कालवण. जुने-नवे प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकलेत, हात घालायचा आणि येईल ते करायचं. याचं कारण नीट समजून घ्या, कारण शनिवार मनाला लागतो. तीन दिवस `LEFT JOIN` करताना प्रत्येक प्रश्नाचं उत्तर `LEFT JOIN` आहे हे आधीच माहीत असतं. कामावर कोणी तसं सांगत नाही. तिथे खरी अडचण “कोणतं वापरू?” हीच असते, आणि तिचा सराव फक्त चिठ्ठीतून होतो.

रोरर आणि टेलर यांनी 2007 साली गणितावर हेच तपासलं. विद्यार्थ्यांना चार वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ शिकवलं. एका गटानं एकेका प्रकाराचे प्रश्न सलग सोडवले, दुसऱ्यानं मिसळून. सरावाच्या वेळी सलगवाल्यांची 89 टक्के उत्तरं बरोबर, मिसळवाल्यांची 60. आठवड्यानं परीक्षा घेतली तर सलगवाले 20 टक्क्यांवर, मिसळवाले 63 वर. माझ्या वहीत शनिवारचे गुण गुरुवारपेक्षा नेहमी कमी असतात. आता त्याची मी काळजी करत नाही. ते सारखे आले तर मात्र चिठ्ठ्या सोप्या झाल्यात असं समजते.

सोमवारचा दीड तास म्हणजे पूर्ण लढत. पहिला तास पाच प्रश्न, घड्याळ लावून, नव्या डेटावर, काही न बघता. फोन दुसऱ्या खोलीत. उरलेली तीस मिनिटं तपासणी, आणि त्यातलं शेवटचं काम पुढच्या आठवड्याची एक, फक्त एक, दुखरी जागा निवडणं. दोन निवडल्या की मंगळवारी कोणती घ्यायची यातच दहा मिनिटं जातात. निवड कशी करायची? जी चूक दोनदा झाली ती आधी. एकही दोनदा झाली नसेल तर जिला सगळ्यात जास्त वेळ लागला ती.

वस्तादाची उणीव

सरांनी H103 बदलायला सांगितलं नसतं तर ती टिक वहीत तशीच राहिली असती. एकट्यानं शिकताना हाच धोका असतो: आपल्याला माहीत नसलेली चूक आपल्याला दिसत नाही. पण आयटीतला माणूसही कामात असतो. रोज जाऊन “हे शिकवा ना” म्हटलं की तिसऱ्या दिवशी तो जेवायला दुसऱ्या टेबलावर बसेल.

मी पंधरा दिवसांतून एकदा वीस मिनिटं मागते, शनिवारच्या जेवणाच्या सुट्टीत. जाताना कागदावर तीन गोष्टी नेते: छोटा डेटा, माझी क्वेरी, आणि मला काय येईल असं वाटलं होतं ते. प्रश्न “बरोबर आहे का?” असा विचारत नाही, कारण त्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच मिळतं. “कोणता डेटा दिला तर हे मोडेल?” असं विचारते. या प्रश्नावर सरांचे डोळे चमकतात. मोडायला कोणाला आवडत नाही?

असं कोणी नसेल तर एकच काम दोन वेगळ्या वाटांनी करा आणि उत्तरं जुळवा. क्वेरीनं एकदा, एक्सेलच्या पिव्होटनं एकदा. दोन्हीकडे तीच चूक होण्याची शक्यता कमी असते. वस्तादाची सर नाही, पण आंधळेपणाही नाही.

बिघडतं कुठे

महिनाअखेर आली की आठवडा मोडतो. ऑडिट आलं की मोडतो. तेव्हा “पुढच्या आठवड्यात दुप्पट करू” हे मी स्वतःला म्हणू देत नाही, त्याचं काय होतं ते महापुरात बघितलं आहे. मोडलेल्या आठवड्यासाठी दहा मिनिटांचा भाव ठरवला आहे: केएमटीच्या बसमध्ये कागदावर दोन छोटी टेबलं आणि एक क्वेरी, उत्तर हातानं. वहीतली जी नोंद त्या दिवशी देय असेल ती. नवं काही शिकायचं नाही.

दुसरा बिघाड जास्त लबाड आहे. सराव हळूहळू सोयीचा होतो. जे येतं तेच आपण सफाईनं करत राहतो आणि छान वाटत राहतं. ओळखायची माझी खूण ही: एका बैठकीत दहापैकी नऊ अंदाज बरोबर आले तर प्रश्न सोपे झालेत, डेटा वाकडा करा किंवा पुढची जागा घ्या. दहापैकी पाचही येत नसतील तर तुकडा मोठा घेतलाय, तो फोडा. सब-क्वेरीसह पूर्ण बेरीज जमत नसेल तर आज फक्त आतली सब-क्वेरी, आणि तिच्या ओळींचा अंदाज.

आणि या पद्धतीची हद्दही माहीत असू द्या. 2014 साली मॅकनामारा आणि सहकाऱ्यांनी अशा बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी केली. माणसामाणसांतल्या कौशल्याच्या फरकातला किती भाग सरावाच्या प्रमाणानं समजतो ते बघितलं. खेळपटावरच्या खेळांत 26 टक्के, संगीतात 21, आणि नोकरी-व्यवसायात एक टक्क्याहून कमी. बुद्धिबळात डाव चुकला की समोरचा लगेच दाखवतो. नोकरीतलं काम तसं नसतं. माझ्यापुरता मी त्याचा अर्थ असा लावला आहे: क्वेरी लिहिणं असं घोटून येतं, कारण 600 की 550 हे लगेच कळतं. पण रिजेक्शन का वाढलं, वाळूतली ओल की ओतायचं तापमान, हे ओळखणं या पहाटेच्या बैठकीतून येत नाही. त्यासाठी शॉपवर उभं राहावं लागतं.

तीन महिन्यांनी त्याच धर्तीचे दहा प्रश्न नव्या डेटावर सोडवले. आठ आले. पहिल्या पानावरचं काम 20 मिनिटांत बसवायचं होतं, 26 लागली. दोन चुकलेल्यांपैकी एक तारखेची होती आणि एक सध्या चालू आहे. `defect <> 'blow hole'` असं लिहिलं की ब्लो होल सोडून बाकी सगळं येईल असं मला वाटायचं. मुकादमानं ज्या ओळीत दोष लिहिलाच नव्हता, ती जागा `NULL`, ती ओळ आलीच नाही. तिच्यात 7 नग होते. वहीत नोंद झाली आहे, दुसरी ओळ लिहून झाली, पहिली तारीख उद्याची.